मथळे मुलांना द्यायला लावा

"आराखडा हाताशी असला की आठवीची मुलं नीट टिपणं काढतात. तो काढून घेतला की धडाच वहीत उतरवतात. मधे काय करावं?"

रिकाम्या जागा भरणं जमतं हो, पण मथळा त्यांनी स्वतः कधी शोधलेलाच नसतो. म्हणून मी मधे एक उलटी पायरी घालते: तपशील मी देते, मथळे त्यांनी द्यायचे.

आमच्या सोलापूरच्या १९३० च्या सत्याग्रहाचा उतारा घेतला होता. फळ्यावर लिहिलं: गांधीजींना अटक, ६ मेला हरताळ, गोळीबार, मार्शल लॉ, चौघांना फाशी. बहुतेकांचा मथळा 'सोलापूर'. हे नुसतं नाव झालं. "कशामुळे काय झालं?" असं विचारल्यावर एकीने दोन गट पाडले: 'अटकेमुळे शहर पेटलं' आणि 'सरकारने कसं दडपलं'. गोळीबार कुठल्या गटात, यावर वर्गात चांगलीच जुंपली!

पुढच्या उताऱ्याला फक्त "तीन मथळे करा" एवढंच सांगते, नंतर तेही नाही. सारांश मात्र पुस्तक मिटून, टिपणावरूनच, चार वाक्यांत. पुस्तक उघडावंसं वाटलं तर टिपणात कारण सुटलंय असं समजा. तारखा सहसा सुटत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक पायरी मागे जावं लागतं, दरवर्षी.