मसाई पठारला पोरं न्यायची हाईत, फॉर्म वाचून सही करा

कुलकर्णी मॅडम (ए-101):
सगळ्यांना नमस्कार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आपल्या सोसायटीची दहा ते चौदा वयाची मुलं मसाई पठारला न्यायचं ठरलंय, आतापर्यंत 22 नावं आलीत. ही नुसती फिरायची सहल नाही. चार-चार जणांचे गट करून सुतळीनं एक मीटरचा चौकोन आखायचा आणि त्यात किती प्रकारची फुलं, गवतं, किडे दिसतात ते मोजून वहीत लिहायचं, मग होकायंत्र लावून दिशा काढायच्या, आणि कातळावर साचलेलं पाणी पांढऱ्या ताटलीत घेऊन त्यात काय वळवळतंय ते बघून परत तिथंच सोडायचं. संमतीपत्र प्रत्येकाच्या घरी दिलंय, गुरुवारपर्यंत आईची किंवा वडिलांची सही होऊन परत पाहिजे. सही नसेल तर मूल बसमध्ये चढणार नाही, आयत्या वेळी फोनवर हो म्हटलेलं चालणार नाही.

नियम फॉर्मच्या मागं आहेत तरी इथं पण लिहिते. बूट आणि पूर्ण पँट, सँडल नको. पाणी दोन लिटर. टोपी आणि रेनकोट पाहिजे, छत्री नको. अत्तर, बॉडी स्प्रे काही मारायचं नाही, कड्याकपारीला आग्या माश्यांची पोळी असू शकतात. दगड उलथायचा नाही आणि कपारीत हात घालायचा नाही, अशा कातळावर दगडाखाली फुरसं बसलेलं असतं आणि ते मातीच्या रंगाचं असल्यानं दिसतच नाही. फुलांच्या गालिच्यात पाय नको, कातळावरूनच चालायचं. एकटं कुठंही जायचं नाही, लघवीला पण जोडीनं आणि सांगून. कड्यापासून वीस पावलं लांब. आणि दुपारी 1 वाजता पठार सोडायचं, काहीही झालं तरी.

पाटील वहिनी (बी-302):
मॅडम बाकी सगळं पटलं पण 1 वाजता का ओ, पोरं सकाळी सातला निघणार, पोचून चढून जाईपर्यंत साडेनऊ-दहा होणार, मग राहतंय काय हातात, तीनला निघालं तर चालत नाही का, उन्हाचं टेन्शन असेल तर टोपी आहेच की

कुलकर्णी मॅडम (ए-101):
वहिनी उन्हासाठी नाही, विजेसाठी. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, सकाळ एकदम लख्ख, बारा-एकच्या सुमारास ढग चढायला लागतात आणि तीन-चारला गडगडाट. तुम्ही पठार बघितलंय, सगळं सपाट, आडोसा नाही, एखादं झाड दिसतंय तेवढंच, आणि त्या झाडाखालीच जायचं नसतं. तिथं उभं राहिलेलं पोर हीच आजूबाजूची सगळ्यात उंच गोष्ट.

राहुल (सी-103):
मॅडम ते 30 सेकंदांचं काहीतरी असतं ना, वीज दिसली की मोजायचं, 30 च्या आत आवाज आला तर आत जायचं. ते शिकवलं पोरांना की झालं

कुलकर्णी मॅडम (ए-101):
राहुल बरोबर, पण ते आपल्याला पुरत नाही, तेच सांगते. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात, म्हणजे 30 सेकंद मोजले तर वीज 10 किलोमीटरवर. आता ढग ताशी 30 किलोमीटरनं सरकतोय असं धरलं तर 20 मिनिटांत आपल्या डोक्यावर. मागच्या रविवारी मी, मोरे काका आणि पाटील भाऊजी बघून आलो, आपण चौकोन आखणार त्या जागेपासून बसपर्यंत आम्हा मोठ्या माणसांनाच 30 मिनिटं लागली, पोरांच्या पावलानं 40 धरा. म्हणजे 30 सेकंद मोजून मग निघालो तर अर्ध्या वाटेत उघड्यावर सापडणार. तो नियम शाळेच्या मैदानासाठी आहे, जिथं इमारत दोन मिनिटांवर असते. शिवाय वीज पाऊस पडतोय तिथंच पडते असं नाही, ढगापासून दहा-दहा किलोमीटर लांब पण पडते, वर ऊन असताना सुद्धा.

म्हणून आपला नियम वेगळा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर वर चढताना दिसले की सामान आवरायचं, पहिला गडगडाट कितीही लांबचा, कितीही बारीक ऐकू आला की मोजत बसायचं नाही, चालायला लागायचं. मग घड्याळात अकरा वाजले असले तरी. आणि बसमध्ये बसल्यावर शेवटचा आवाज झाल्यापासून 30 मिनिटं कुणी खाली उतरायचं नाही.

स्वाती (सी-204):
बसमध्ये खरंच सेफ असतंय का? लोखंड असतंय ना सगळं

कुलकर्णी मॅडम (ए-101):
लोखंडी आहे म्हणूनच. वीज पत्र्याच्या बाहेरून जमिनीत जाते, आतला माणूस वाचतो, फक्त काचा बंद आणि दांड्याला हात नको. टायरच्या रबरामुळं वाचतो असं सगळे म्हणतात ते खरं नाही. म्हणूनच मी उघड्या टेम्पोला नको म्हटलं, पक्क्या छताचीच बस ठरवलीय.

पाटील भाऊजी (बी-302):
आणि समजा वाटेतच गाठलं तर?

कुलकर्णी मॅडम (ए-101):
मग पोरांना एकत्र घोळक्यात ठेवायचं नाही, हे ऐकायला उलटं वाटतं कारण आपल्याला भीती वाटली की आपण पोरांना जवळ ओढतो. वीज जमिनीत शिरली की जमिनीतून पसरते आणि एकमेकांना चिकटलेली सगळीच सापडतात. अंतर ठेवून, पाय जुळवून, खाली उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. पण खरं सांगते, उघड्यावर असं बसल्यानं मूल सुरक्षित होत नाही, धोका थोडा कमी होतो इतकंच. म्हणून सगळा भर लवकर निघण्यावर. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप आहे, आजूबाजूला 20-40 किलोमीटरात वीज पडली की दाखवतं, पण वर रेंज धड नाही. त्यामुळं घरी थांबलेल्यांपैकी एकानं दहा वाजल्यापासून ते बघत बसायचं आणि बसपाशी थांबणाऱ्या माणसाला कळवायचं, तिथं रेंज मिळते आणि तिथून शिट्टी वर पोचत नाही म्हणून दोन वॉकीटॉकी घेतोय.

राहुल (सी-103):
दामिनी मी बघतो, माझी रविवारी सुट्टी आहे

डॉ. शिंदे (ए-304):
मॅडम, सात फॉर्म माझ्याकडं बघायला दिलेत त्यात पाच जणांनी ॲलर्जी आणि आजाराचा रकाना कोरा सोडलाय. कोरा म्हणजे काही नाही का लिहायचं राहिलं हे मला कळत नाही. काही नसेल तर 'नाही' लिहा. दम्याचा पंप असेल तर नाव आणि किती वेळा घेतो ते लिहा आणि पंप पोराच्या खिशात द्या, बॅगेत टाकून बॅग बसमध्ये राहिली तर वर उपयोग काय. फिट येत असेल, रात्री झोपेत चालत असेल, आधी माशी चावून अंग सुजलं असेल, सगळं लिहा. हे फक्त मी आणि मॅडम बघणार, ग्रुपवर टाकू नका.

स्वाती (सी-204):
मी बोलू का यावर, दोन वर्षं झाली कुणाला सांगितलं नव्हतं. आमचा अथर्व तिसरीत होता, एका ठिकाणच्या कॅम्पला पाठवला होता. फॉर्मवर ॲलर्जीचा रकाना होता आणि मी मुद्दाम कोरा ठेवला, कारण आदल्या वर्षी मधमाशी चावून त्याच्या अंगावर पित्त उठलं होतं आणि मला वाटलं हे लिहिलं तर त्याला न्यायचेच नाहीत, पोरगं महिनाभर बॅग भरून बसलं होतं ओ. तिथं त्याला मानेवर माशी चावली. पाच मिनिटांत ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, खोकायला लागला. सोबतचे सर चांगले होते पण त्यांना वाटलं साधी सूज आहे, हळद लावली, आणि दवाखान्यात नेऊ का म्हणून मला फोन लावत बसले, माझा फोन लागेना, ह्यांचा लागेना, असं करत 25 मिनिटं गेली. शेवटी जीपवाल्यानंच उचलून नेला. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत श्वास लागला नीट. डॉक्टर म्हणाले अजून थोडा वेळ गेला असता तर सांगता येत नव्हतं. त्या फॉर्मवर सही माझी होती आणि रकाना मीच कोरा ठेवला होता. म्हणून हात जोडून सांगते सगळ्यांनी लिहा.

पाटील वहिनी (बी-302):
अगं स्वाती 😔 बोलली पण नाहीस कधी

डॉ. शिंदे (ए-304):
स्वाती वहिनी सांगितलंत ते फार बरं केलंत. सगळ्यांनी लक्षात ठेवा, चावलेल्या जागेवर सूज ही साधी. पण चावलंय मानेला आणि ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आवाज बदलला, खोकला, उलटी, चक्कर, यातलं काही दिसलं तर गोळी देऊन वाट बघायची नाही, ॲलर्जीची गोळी सावकाश काम करते आणि श्वास वाचवत नाही. मधमाशीचा काटा कातडीत राहिला असेल तर नखानं लगेच खरवडून काढायचा, चिमटा शोधत बसू नका, विषाची पिशवी काट्याला चिकटलेली असते आणि काटा आत असेपर्यंत विष जात राहतं. मी स्वतः येतोय, इंजेक्शन माझ्या बॅगेत असेल, अथर्वसाठी वजनाप्रमाणे डोस आधीच लिहून ठेवतो. पण इंजेक्शन दिलं तरी दवाखान्यात न्यायचंच, त्रास काही तासांनी परत उलटू शकतो. त्यासाठी एक कार मोकळी ठेवा, तिच्यात सामान भरू नका.

मोरे काका (बी-101):
फॉर्मबद्दल माझं. मी वकील म्हणून बोलतोय. खाली एक ओळ आहे 'कोणत्याही अपघातास आयोजक जबाबदार राहणार नाहीत', ती काढा. ती लिहिली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही, आयोजकानं काळजी घेतली नाही तर ही ओळ त्याला वाचवणार नाही, मग पालकांना घाबरवायला कशाला ठेवायची. त्याजागी जे खरंच कामाला येणार ते लिहा. स्वातीच्या पोराच्या वेळी सरांना परवानगी हवी होती. जीव वाचवायचा असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, पण डॉक्टरांपर्यंत पोचवणारा माणूस थांबतो, कारण त्याला भीती वाटते की उद्या पालक म्हणतील विचारलं का नाही. त्याची ती भीती फॉर्मनं काढली पाहिजे.

कुलकर्णी मॅडम (ए-101):
काका पटलं. ओळ काढते आणि हे घालते, वाचून सांगा:
'माझ्या पाल्याला तातडीच्या उपचाराची गरज भासल्यास, माझ्याशी संपर्क झाला नाही तरी, सोबतच्या मोठ्या व्यक्तींनी त्याला तत्काळ जवळच्या दवाखान्यात न्यावे व डॉक्टरांनी आवश्यक ते उपचार करावेत, यास माझी संमती आहे. मला शक्य तितक्या लवकर कळवावे.'
खाली दोन फोन नंबर, त्यातला एक त्या दिवशी कोल्हापुरात असणाऱ्या माणसाचा. नियमांचं पान मुलांनी स्वतः वाचून त्याखाली स्वतःची सही करायची, आई-बाबांनी करून द्यायची नाही. आणि प्रत्येक गोष्टीपुढं वेगळी खूण, कातळावर चालणं हो, पाण्याजवळ जाणं हो की नाही, फोटो ग्रुपवर टाकायचे हो की नाही. एखाद्याला पाण्याजवळ पाठवायचं नसेल तर तो काठावर बसून वही लिहील, त्याला सहल चुकवायला लावणार नाही.

मोरे काका (बी-101):
आता झाला फॉर्म 👍

पाटील वहिनी (बी-302):
मॅडम 1 वाजता निघायचं पण मान्य. आमच्या श्रेयाला फुलं जास्त बघायची आहेत म्हणून निघायची वेळ सातऐवजी सहा करता येईल का, डबे मी आणि स्वाती पाचला उठून करू

कुलकर्णी मॅडम (ए-101):
सहा चालेल. दवबिंदूच्या रोपावरचे थेंब पण सकाळीच जास्त चमकतात, त्यावर चिकटलेला किडा दाखवायचाय मला पोरांना. नवीन फॉर्म आज संध्याकाळी वॉचमनकाकांकडं ठेवते, जुने भरलेत त्यांनी पण परत घ्या.

स्वाती (सी-204):
आमचा नवीन फॉर्म पहिला लिहा. ॲलर्जीच्या रकान्यात मधमाशी लिहिलंय, लाल पेनानं