पीएसए वाढलंय? आधी लघवी तपासा

"बाबांचं वय ५६, पीएसए ६.८ आलंय. लगेच बायोप्सी करायची का?"

लगेच नको. पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन; ते कॅन्सरनंच नाही, जंतुसंसर्गानंही वाढतं. म्हणून आधी लघवीचं कल्चर करा. सोलापुरात माझ्या थोरल्या भावाचं ९.२ आलं होतं. आठवडाभर लघवीला जळजळ, थंडीताप. त्यानं उन्हाळी लागली म्हणून सब्जाचं पाणी पीत अंगावर काढलं. कल्चरमध्ये जंतू निघाले. अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर डॉक्टरांनी आणखी सहा आठवडे थांबवलं, कारण जळजळ गेली तरी प्रोस्टेटची सूज सावकाश उतरते आणि पीएसएही तसंच. तपासणीआधी दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध बंद. मग आलं १.९.

बाबांना जंतुसंसर्ग नसेल, तरी काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा मोजा. तेव्हाही चढंच राहिलं तर मात्र टाळाटाळ नको: युरॉलॉजिस्टकडून गुदद्वारातून बोटानं तपासणी, प्रोस्टेटचा एमआरआय, आणि बायोप्सीचं त्यानंतर ठरवा.