मी खोलीबाहेर पडताच दहा महिन्यांचे बाळ आकांत मांडते – मदत हवी आहे

तुरीची_शेंग
नमस्कार. माझा मुलगा दहा महिन्यांचा आहे. हल्ली मी स्वयंपाकघरात किंवा अंगणापलीकडच्या न्हाणीत गेले, की तो रडून आकांत मांडतो. घरी सासूबाई असतात, तरी उपयोग होत नाही. दिवाळीनंतर कापूस वेचणीसाठी मला वावरात जावेच लागेल, म्हणून नेमका उपाय सांगावा. ‘वय वाढले की जाईल’ हे ऐकून झाले आहे.

पळसफूल
ताई, रडू द्यावे. उंबरठ्यातून दहादा मागे फिरणाऱ्या आईचे मूल जास्तच रडते. आमच्या दोन्ही मुलांच्या वेळी आम्ही मन घट्ट केले आणि ती आपोआप गप्प झाली.

आंबाडी
मी बरीच वर्षे अंगणवाडीत काम केले आहे. आधी एवढे सांगा : तुम्ही कडेवर घेतल्यावर रडे लगेच थांबते का? तुम्ही सांगून जाता की नजर चुकवून? सासूबाईंची त्याला कितपत सवय आहे? कडेवर घेऊनही तो रडत असेल, अंगात ताप असेल, दूध नाकारत असेल किंवा सारखा कान ओढत असेल, तर त्याला आधी डॉक्टरांना दाखवा.

निंबोणी
आमची मुलगीही रात्री सारखी उठायची. झोळी खाटेजवळ बांधली आणि मोबाइलवर गाणी लावून दिली, तेव्हा शांत झोपू लागली.

तुरीची_शेंग
प्रश्न रात्रीचा नाही, दिवसाचा आहे. मी उचलले की तो लगेच थांबतो आणि ताप वगैरे काही नाही. सासूबाई त्याला खिडकीतून कावळे दाखवतात, तेवढ्यात मी मागच्या दाराने निघते, कारण सांगून निघाले तर तो पदरच सोडत नाही. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी अमरावतीला होत्या, त्या पोळ्यानंतर परत आल्या.

आंबाडी
मग बरेचसे यातच आले. साधारण आठव्या महिन्यापासून मुलाला कळू लागते, की दिसेनाशी झाली तरी आई कुठेतरी आहे. मात्र ती परत येईल, हे त्याला अजून कळत नाही. तुम्ही मागच्या दाराने निघून गेल्यावर मूल कावळे पाहतानाही तुमच्यावरच लक्ष ठेवू लागते. त्यातच मधले काही महिने आजी दिसलीच नाही, म्हणजे त्याच्या लेखी ती नवीनच व्यक्ती आहे.

उद्या सकाळी दूध पिऊन, झोप पूर्ण झाल्यावर सुरुवात करा. भुकेल्या किंवा पेंगुळलेल्या मुलावर हा प्रयोग करू नये. तुम्ही शेजारी बसलेल्या असतानाच सासूबाईंनी त्याला मांडीवर घ्यावे आणि वाटीचमचा देऊन दहा-पंधरा मिनिटे खेळवावे. मग ‘आलेच हं’ म्हणा, टाटा करा, दाराआड जा आणि दहा आकडे मोजून, तो रडायच्या आत, हसतमुखाने परत या. हेच दिवसातून चार-पाच वेळा करा. शब्द दरवेळी तेच ठेवा. तेवढा वेळ तो सहज राहू लागला, की मग न्हाणीपर्यंत जा आणि तिथून बोलत राहा. तोंडावर पदर घेऊन ‘बुवा कुक’ खेळण्यातही हाच धडा असतो, म्हणून तो खेळ रोज खेळा.

निघताना तो रडला तरी खचू नका. तुम्ही गेल्यावर सासूबाईंजवळ तो किती लवकर खेळण्याकडे वळतो, हे पाहा. तो वेळ कमी होऊ लागला, तर गाडी रुळावर आहे असे समजा.

पळसफूल
म्हणजे शेवटी मूल रडतेच ना? मग माझे काय चुकले?

आंबाडी
रेंगाळू नये, हे तुमचे म्हणणे बरोबरच आहे. निरोप छोटाच हवा. पण थकून गप्प झालेले मूल आणि आजीने समजावल्यावर गप्प झालेले मूल यांत फरक आहे. पहिले मूल दुसऱ्या दिवशी आई उठली तरी दचकते. आणि निंबोणीताई, वर्षाच्या आतल्या मुलाला मोबाइल-टीव्हीचा पडदा दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये सांगितले आहे.

निंबोणी
आम्ही मोबाइल उशाखाली ठेवत होतो, तिला दाखवत नव्हतो.

तुरीची_शेंग
सासूबाईंचे म्हणणे असे, की ‘टाटा’ म्हटले की तो जास्त बिथरतो, म्हणून कावळेच बरे. त्यांना कसे समजावू? शिवाय वेचणीला अख्खा दिवस लागेल, दहा आकडे मोजून तिथवर कसे पोचायचे?

आंबाडी
पहिले काही दिवस तो जास्त रडेल, त्यामुळे त्यांचे निरीक्षण खोटे नाही, हे आधी मान्य करा. मग आठवडाभर करून पाहू, एवढेच मागा. दिवाळीपर्यंत अर्ध्या दिवसाची मजल मारता आली तरी पुरे. दुपारी घरी येऊन दूध पाजून जाता येईल का?

तुरीची_शेंग
वावर गावाला लागूनच आहे, त्यामुळे दुपारी येता येईल. मात्र दुपारी पुन्हा निघताना तो दुसऱ्यांदा रडेल, त्यापेक्षा दिवसभर न आलेले बरे, असे यजमानांचे मत आहे.

पळसफूल
मीही तेच म्हणतो.

आंबाडी
मी नाही म्हणत. तो अंगावर पितो, त्यामुळे दुपारचे दूध चुकवू नका. रडला तरी तुम्ही दोनदा गेलात आणि दोनदा परत आलात, हे तो रोज पाहील.