एमसीटी तेल घेतलं की मेंदू खरंच किटोनवर चालतो?

नीरज_प
दोन महिने झाले, रोज सकाळी उपाशीपोटी २० ग्रॅम एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या चरबीचं तेल घेतोय. कार्ब अजिबात कमी केलेले नाहीत. माझं मत असं की यकृतात या तेलाचे किटोन, म्हणजे चरबीपासून बनणारं इंधन, होतात आणि मेंदू ग्लुकोज सोडून त्यांच्यावर चालतो, मग कार्ब जवळजवळ बंद करणाऱ्या कीटो डाएटची कटकट हवीच कशाला? मित्र म्हणतो ही निव्वळ जाहिरातबाजी. कुणाचं चुकतंय? कारणासकट सांगा.

चक्रधर
मित्राचं बरोबर आहे. किटोन होतात उपासात. जेवत्याखात्या माणसाच्या रक्तात इन्सुलिन असतं, आणि इन्सुलिन असताना यकृत किटोन बनवत नाही. तेल कुठलंही घ्या, हा नियम बदलत नाही. विषय संपला.

वसुधा_जो
संपला नाही हो. तुमचा नियम खरा आहे, पण तो लांब साखळीच्या चरबीचा. ती जळण्यासाठी मायटोकॉन्ड्रियाच्या आत जावी लागते आणि दारावर कार्निटिन या वाहकाची पाळत असते. जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की यकृतात मॅलोनिल-कोए साठतं आणि ते दार बंद करतं. चरबी बाहेरच अडकते, किटोन होत नाहीत. इथपर्यंत तुमच्याशी सहमत.

आठ कार्बनचं कॅप्रिलिक आम्ल मात्र या दारावर बहुतेक थांबतच नाही. आतड्यात तेल फुटलं की ते लिम्फच्या लांबच्या वळणाने न जाता पोर्टल शिरेतून थेट यकृतात येतं, आणि कार्निटिनची फारशी वाट न बघता मायटोकॉन्ड्रियात शिरतं. तिथे तीन कापांत त्याचे दोन-दोन कार्बनचे चार तुकडे होतात, म्हणजेच ॲसिटिल-कोए. एवढे तुकडे एकदम आले की ते जाळून ऊर्जा काढणाऱ्या क्रेब्ज चक्राला आवरत नाहीत. उरलेले जोडून यकृत ॲसिटोॲसिटेट करतं आणि त्यातलं बरंचसं पुढे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट होतं. हिशोब सोपा आहे: चारही तुकडे या वाटेने गेले तर एका रेणूमागे दोन किटोन. प्रत्यक्षात सगळे जात नाहीत.

गंमत म्हणजे यकृत हा माल बनवतं, पण स्वतः वापरू शकत नाही. किटोन जाळायला लागणारं स्कॉट नावाचं एन्झाइम त्याच्याकडे नाही. म्हणून सगळं रक्तात सोडून द्यावं लागतं.

रमाकांत५८
मी वर्षभर दोन चमचे खोबरेल घेतो आहे. लघवीच्या पट्टीवर कधीच रंग आला नाही. वसुधाताई, एवढं सगळं होत असेल तर माझ्यात का होत नाही? की वयामुळे?

वसुधा_जो
काका, वयाला दोष देऊ नका. खोबरेलातला जवळजवळ अर्धा भाग बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचा असतो. कागदावर तोही मध्यम साखळीत मोडतो, पण वागतो बराचसा लांब साखळीसारखा, त्याचा मोठा हिस्सा लिम्फमधूनच जातो. कामाचं आठ कार्बनवालं आम्ल खोबरेलात शंभरात सहा-आठ भागच. तुमच्या दोन चमच्यांत ते दोन ग्रॅमसुद्धा भरणार नाही.

शिवाय लघवीची पट्टी फक्त ॲसिटोॲसिटेट दाखवते, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसतच नाही. बघायचंच असेल तर बोटातून रक्त घेऊन मोजणारं मीटर वापरा.

चक्रधर
बरं, दाराचं मानलं. पण मूळ दावा तर "मेंदू ग्लुकोज सोडून किटोनवर चालतो" असा होता. तो अजून तसाच पडून आहे.

वसुधा_जो
तो चुकीचाच आहे, आणि इथे तुमचं पारडं जड. रक्तातले किटोन मेंदूच्या सीमेवरचा एक वाहक आत नेतो (त्याच्या नावाचं लघुरूपही एमसीटीच, विद्यार्थी दरवर्षी गोंधळतात). आत स्कॉट असतं, तिथे पुन्हा ॲसिटिल-कोए होऊन ते जळतात. मेंदू किती घेणार हे मुख्यतः रक्तात किती आहेत यावर ठरतं. ढोबळमानाने लिटरभर रक्तात एक मिलिमोल किटोन असतील तर मेंदूच्या गरजेचा दहावा भाग.

२० ग्रॅम सी-८, म्हणजे आठ कार्बनवालं तेल, उपाशीपोटी घेतलं तर तास-दीड तासात साधारण अर्ध्या मिलिमोलपर्यंत जातं. म्हणजे मेंदूच्या ऊर्जेतले शेकडा पाच, तेही काही तासच. बाकीचं ग्लुकोजच. १९६७ साली बॉस्टनमध्ये ओवेन आणि कॅहिल यांच्या गटाने पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या लठ्ठ रुग्णांच्या मेंदूत जाणारं आणि तिथून परतणारं रक्त तपासलं, तेव्हा जवळजवळ ६० टक्के ऊर्जा किटोनची निघाली. पण तेव्हा रक्तातली पातळी पाच मिलिमोलच्या पुढे असते. कुठे ते आणि कुठे हे!

शंकेखोर
पाच टक्क्यांसाठी एवढी कसरत? मग तेलाची बाटली ठेवा कपाटात.

वसुधा_जो
निरोगी, पोटभर जेवणाऱ्या माणसासाठी मीही तेच म्हणेन. अल्झायमरच्या मेंदूची गोष्ट वेगळी. तिथे ग्लुकोज घेण्याची क्षमता घटते, किटोन घेण्याची मात्र बरीचशी शाबूत राहते. कॅनडात शेरब्रूक इथे स्टीफन क्युनेन यांच्या गटाने सौम्य विस्मरण असलेल्यांना सहा महिने रोज ३० ग्रॅम एमसीटी दिलं आणि पेट स्कॅनने मोजलं. मेंदूने घेतलेले किटोन दुपटीहून जास्त झाले, ग्लुकोज होतं तितकंच राहिलं. म्हणजे हे जुन्या इंधनाच्या जागी आलेलं नाही, त्यावर पडलेली भर आहे.

शंकेखोर
आणि स्मरणशक्ती?

वसुधा_जो
काही चाचण्यांत गुण वाढले, काहींत नाही. त्यावरून रोजच्या जगण्यात फरक पडतो असं मी म्हणणार नाही.

शंकेखोर
म्हणजे इंधन पोचतं, पण गाडी पळते की नाही ते सांगता येत नाही. मी तर याला "नाही"च म्हणेन.

डॉ_मीरा
मी बालरोगतज्ज्ञ. अपस्माराच्या मुलांसाठी एमसीटीवर आधारलेला आहार १९७१ पासून वापरात आहे. तो का निवडतात तर तेवढ्याच किटोनसाठी थोडे जास्त कार्ब देता येतात. नीरजच्या कल्पनेचा खरा भाग एवढाच. पण तिथेही कार्ब मोजूनमापून असतात, मोकळे नाहीत. एक इशारा: मध्यम साखळी कापणाऱ्या एमकॅड एन्झाइमचा जन्मजात अभाव असलेल्यांना हे तेल धोक्याचं, कारण नेमक्या याच लांबीची साखळी त्यांना कापता येत नाही. आणि डोस एकदम वाढवला तर पोटात मुरडा, जुलाब. पाच ग्रॅमपासून सुरुवात करावी.

नीरज_प
मुरडा झाला होता, लाजेने लिहिलं नाही. काल मीटर आणलं. तेल घ्यायच्या आधी ०.१, दीड तासाने ०.५. आज तेच तेल भरपेट नाश्त्यासोबत घेतलं तर ०.२ च आलं.

चक्रधर
पाहा! इन्सुलिन.

वसुधा_जो
थोडं इन्सुलिन, थोडं हेही की भरल्या पोटातून तेल सावकाश पुढे सरकतं. एका दिवसाच्या आकड्यावरून यातलं किती कशामुळे ते ठरत नाही. चक्रधर, दार पूर्ण बंद असतं तर ०.२ सुद्धा दिसलं नसतं.

चक्रधर
०.१ आणि ०.२ मधला फरक मीटरची चूकही असू शकते. नीरज, आणखी चार दिवस मोजा, मग भांडू.