नैवेद्याचा तांदूळ पगारात धरायचा का? होळकर खासगीतल्या देवस्थान खर्चावर चर्चा

प्रश्न (जुनी_इंदूर): होळकरांच्या खासगीतून, म्हणजे घराण्यातल्या राण्यांच्या नावे वेगळ्या ठेवलेल्या उत्पन्नातून, देवळांना जो खर्च लावून दिला होता, त्यावर पेपर लिहितेय. धर्म आणि अर्थ-इतिहास दोन्ही आहेत. एका देवळावर किती जणांचं पोट चालत होतं ते नेमणूक-यादीवरून काढायचंय. यादी अशी असते (आकडे नमुन्याचे, माझेच): पुजारी सालीना 60 रुपये, पाणक्या 24, झाडलोट 18, शिवाय नंदादीपाचं तेल आणि नैवेद्याला रोज 2 शेर तांदूळ. म्हणजे तीन माणसं, तीन संसार. असं लिहिलं तर चालेल का?

---

खातेवही: नाही चालणार, आणि चूक नैवेद्यातच आहे. रोज 2 शेर म्हणजे वर्षाचे 700 शेरांच्या वर. रुपयाला 10 शेर असा भाव धरा (हाही नमुनाच), तर तांदूळ 70 रुपयांच्या पुढे जातो. पुजाऱ्याचं रोख वेतन 60. यादीत जो खर्च ‘देवाचा’ म्हणून लिहिलाय, तो पगारापेक्षा मोठा आहे, आणि नैवेद्य दाखवून झाल्यावर ताट बहुतेक पुजाऱ्याच्याच घरी जातं. तुम्ही फक्त 60 धरलेत तर पेपरात पुजारी गरीब ठरेल आणि देऊळ उधळं. दोन्ही खोटं.

पण सरसकट उलटंही करू नका. शेजारी अन्नछत्र असेल तर तोच तांदूळ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पानात पडलेला असतो. शिल्लक कुणाकडे जाते ते सनदेत किंवा वहिवाटीच्या तक्रारीत सापडतं, यादीत नाही. भांडणाचे कागद आधी वाचा. ज्याच्यावर वाद झाला तेच स्पष्ट लिहिलेलं असतं.

टिळा_आणि_तेल: मला हे पटत नाही. दात्याने दिलं ते देवाला. पुजाऱ्याकडे येतो तो प्रसाद. त्याला पगार म्हटलंत की ज्या भावनेने ते दिलं गेलं तीच कागदावरून पुसली जाते, मग पेपरात धर्म उरला कुठे? नुसता हिशेब राहील.

खातेवही: धर्म पुसा असं म्हणत नाहीये. दोन रकाने करा. पहिल्यात दात्याने कोणत्या नावाने दिलं ते, दुसऱ्यात शेवटी कुणाच्या हातात पोचलं ते. ‘श्रीचा नैवेद्य’ पहिल्यात तसाच राहू द्या.

टिळा_आणि_तेल: दुसरा रकाना आला की पहिला कोण वाचतो, सांगा.

मृगसाल: रकाने नंतर. मुळात हातातला कागद बेहेडा आहे की ताळेबंद, हे पाहिलंय का? बेहेडा म्हणजे वर्षाच्या आधी ठरवलेला अंदाज. तो झालेला खर्च नव्हे, झालेला खर्च ताळेबंदात असतो. कागदाचं शीर्षक फाटलेलं असेल तरी तांदूळ सांगतो. रोज 2 शेर असेल आणि वर्षाला बरोबर 720 शेर, म्हणजे 40 शेरांच्या मणाने नेमके 18 मण लिहिले असतील, तर कारकुनाने 30 दिवसांचे 12 महिने मोजून कागदावरच गुणाकार केलाय. चांद्र वर्षात दिवस साधारण 354, म्हणजे 708 शेर. अधिक महिना आला की 384 दिवस, 768 शेर. देव अधिक मासातही जेवतो! वर्षामागून वर्ष 18 मणच दिसले तर ती नेमणूक आहे, खर्च नाही.

खातेवही: एक दुरुस्ती. हिशेब मृगसालाने, म्हणजे सुहूर सनाने ठेवला असेल तर अधिक महिन्याचा फुगवटा दिसायचाच नाही. ते वर्ष सौर आहे, सूर्य मृगात गेला की जूनच्या सुरुवातीला पालटतं. मग 365 दिवसांचे 730 शेर, म्हणजे 18 मण 10 शेर यायला हवेत. आधी सन ओळखा. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात: ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे 6, 70, 100 आणि 1000, एकूण 1176, त्यात 599 मिळवा, 1775 च्या जूनपासून पुढचं वर्ष. फसली, म्हणजे पिकाच्या हंगामावर बेतलेला महसुली सन, असेल तर जास्त सांभाळा. दख्खनी फसलीत 590 मिळवायचे, उत्तरेकडच्या फसलीत 592. माळवा दोघांच्या मधे पडतो, म्हणून त्याच कागदावर शक किंवा संवत सापडेपर्यंत साल पक्कं करू नका. दोन वर्षांच्या चुकीत दुष्काळाचा भाव सुकाळाच्या खर्चाला चिकटतो.

मृगसाल: मान्य. नाव मृगसाल घेऊन मीच चुकलो.

राजवाडा_चौक: एवढी चर्चा कशाला? सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये मध्य प्रदेशच्याच खटल्यात सांगितलंय की देवळाच्या जमिनीचा मालक देव, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा. म्हणजे तो नोकरच. रोख पगार धरा, विषय संपला.

खातेवही: निकालाबद्दल बरोबर, निष्कर्षाबद्दल नाही. महसुली नोंदीत मालकाच्या जागी पुजाऱ्याचं नाव असावं का, हा तिथला प्रश्न होता. अठराव्या शतकात त्या जमिनीचं धान्य कोण खात होतं, हे त्यावरून कसं कळणार? त्यासाठी सनदच. ‘श्रीचे पूजेबद्दल’ असा मजकूर आणि अमुक भटास वंशपरंपरेने दिल्याचा मजकूर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माफीदार_लष्कर: आमच्याकडे ग्वाल्हेर संस्थानच्या वेळची सारामाफीची सनद आहे. देऊळ लहान आहे, पण पाळ्या तीन घरांत. वर्षासन, म्हणजे दर वर्षी मिळणारी रक्कम, बंद झालंय. ते परत सुरू करायला अर्ज कुठे करायचा?

मृगसाल: काका, धागा पेपरचा आहे, अर्जाचं कलेक्टर कचेरीत विचारा. पण पाळ्यांचा मुद्दा कामाचा सांगितलात. जुनी_इंदूर ताई, हे बघा. पुजारी एक, पण पाळी तीन घरांत असेल तर 60 चे वाट्याला 20, आणि तांदूळही चार-चार महिने. पद एक, चुली तीन. उलट पाणक्या दोन देवळांचं पाणी भरत असेल तर पदं दोन, चूल एक. ‘तीन माणसं, तीन संसार’ इथेच मोडतं.

निमाडी_पाटील: सगळे देवळाच्या आत बसून मोजताय. पैसा आला कुठून? मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना 1734 मध्ये खासगीची गावं मिळाली, वसूल शेतकऱ्याकडून. अहिल्याबाईंनी काशी विश्वनाथाचं देऊळ 1780 मध्ये बांधलं, उपजीविका काशीला झाली, सारा माळवा-निमाडने भरला. याला निर्मिती म्हणता की बदली?

खातेवही: बदलीच. म्हणून ती वाट मोजा. रोकड बैलावर लादून काशीला रोज कोण नेणार? सावकाराची हुंडी जायची. हुंडणावळ, म्हणजे हुंडीची दलाली, तो कापायचा, आणि तिकडच्या सिक्क्यात बदलताना बट्टा, म्हणजे घटही लागायची. माळव्याच्या 100 रुपयांचे तिकडे 96 झाले असं धरलं, तर ते 4 रुपये सावकाराची उपजीविका. देवळाच्या यादीत तो कधीच दिसत नाही. पाठवणाऱ्याची वही आणि घेणाऱ्याची वही जुळत नाही तेव्हा कारकुनाला चोर ठरवण्याआधी बट्टा वजा करून बघा.

निमाडी_पाटील: आणि शेतकऱ्याचा रकाना?

खातेवही: तो गावच्या जमाबंदीतून घ्यावा लागेल. देवस्थानच्या कागदात नाही मिळायचा.

टिळा_आणि_तेल: होळकर संस्थानाच्या विलीनीकरणाच्या वेळी खासगीचं उत्पन्न सरकारकडे गेलं आणि बदल्यात धर्मादायासाठी सालीना 2,91,952 रुपये कायमचे ठरले. तोही आकडा तुमच्या दुसऱ्या रकान्यात बसवून दाखवा. 1962 च्या खासगी ट्रस्टकडे हेच काम आलं.

मृगसाल: रक्कम कायमची, भाव नव्हे. तेव्हा त्या रुपयात किती तेल यायचं आणि आज किती येतं, हे नंदादीपाच्या ओळीवर लावून बघा. नंदादीप अखंड हवा, तेलाचं माप तेच राहतं.

जुनी_इंदूर: दोन रकाने करते, पण ‘पगार’ शब्द काढून टाकते, ‘वाटा’ लिहिते. माझा कागद आत्ता उघडून पाहिला. नैवेद्य 18 मण आहे, तिन्ही सालांत.