मदत हवी आहे: ४०० हर्ट्झला सॅम्पल केल्यावर ३५० हर्ट्झ कुठे गेला?

सायली_ईटीसी
घरच्या विजेच्या करंटमध्ये मूळ ५० हर्ट्झसोबत तिसरा आणि सातवा हार्मोनिक असतो, असं धरून हा सिग्नल घेतला आहे:

```
x(t) = 2 sin(100πt) + sin(300πt) + 0.5 sin(700πt)
```

किमान रेट किती, आणि ४०० हर्ट्झने सॅम्पल केलं तर काय दिसेल, असा प्रश्न आहे. पायथनमध्ये एक सेकंदाचे ४०० नमुने घेऊन एफएफटी काढली. तीन पीक येतील असं वाटलं होतं, आली दोनच: ५० वर उंची १.५ आणि १५० वर १. नवं पीक नाही ते नाही, पण ५० चं २ वरून १.५ कसं झालं?

विनायक_७२
सर्वात मोठी फ्रिक्वेन्सी ३५०, दुप्पट ७००. किमान रेट ७००. ४०० ला ३५० चा एलियास ४०० − ३५० = ५०. दोघं एकाच जागी आले, म्हणून बेरीज २.५ यायला हवी. कोडमध्ये काहीतरी चुकलंय.

मंदार कुलकर्णी
कोड बरोबर आहे. विनायकराव, जागा तुम्ही अचूक काढलीत, फक्त चिन्ह राहिलं. n व्या नमुन्याला sin(2π·350n/400) म्हणजेच sin(2πn − 2π·50n/400). 2πn चे पूर्ण फेरे गळतात आणि उरतं −sin(2π·50n/400). साईन उलटी होऊन आली, म्हणून २ − ०.५ = १.५. तिन्ही घटक कोसाईन असते तर चिन्ह पलटलं नसतं आणि तुमचे २.५ च आले असते.

किमान रेटचंही तसंच. बरोबर ७०० ला ३५० हर्ट्झच्या या साईनचे सगळे नमुने शून्यावर पडतात, तो घटक दिसतच नाही. रेट ७०० पेक्षा जास्तच हवा.

सायली, आता ४२० ला चालवून बघ, नमुनेही ४२० घे.

फ्रीजवाला
माझंही असंच चाललंय. करंट सेन्सर लावून आर्डुइनोवर फ्रीजचा करंट ४०० ला मोजतो. मग कोडमध्ये २०० च्या वरचं फिल्टर केलं तर चालेल ना?

मंदार कुलकर्णी
नाही. नमुने घेतले तेव्हाच ३५० चा ५० झाला. त्या आकड्यांतून खरा ५० कुठला आणि आलेला कुठला, हे कोणताही कोड वेगळं करू शकत नाही. फिल्टर सेन्सर आणि इनपुट पिनच्या मध्ये हवा. त्यापेक्षा रेट वाढवणं सोपं.

फ्रीजवाला
एक रेझिस्टर, एक कपॅसिटर पुरेल का? १५० तर जपायचाय.

सायली_ईटीसी
४२० ला ५० परत २ झाला, १५० जागेवरच, आणि ७० वर ०.५ चं नवं पीक आलं! म्हणजे रेट बदलल्यावर जे पीक सरकतं ते एलियास. पेपरात मात्र पर्याय ७०० आणि ८०० असेच आहेत, 'पेक्षा जास्त' असं कुठेच नाही. कोणता निवडायचा?

विनायक_७२
आमच्या वेळी ७०० ला मार्क मिळायचे.

मंदार कुलकर्णी
सिग्नल हाच दिला असेल तर मी ८०० लिहीन. तपासणारे काय धरतात ते तुमच्या सरांनाच विचार.