शीर्षक बदललेल्या कव्हरची गायिका

> "गाणं ओळखीचं आहे, आवाज मात्र मूळ गायिकेचा नाही. नावही भलतंच दिलंय. ही गाणारी कोण, कसं शोधायचं?"

शझॅम या गाणी ओळखणाऱ्या ॲपवर विसंबू नका. ते ठरावीक ध्वनिमुद्रण ओळखतं, चाल नव्हे. त्यापेक्षा मधल्या कडव्यातली एक ओळ अवतरणचिन्हांत घालून, सोबत 'कव्हर' लिहून शोधा. देवनागरीत आणि रोमनमध्येही. ध्रुवपद घेतलंत तर मूळ गाण्याचाच ढीग समोर येतो.

मिळालेल्या प्रती कानाने जुळवा. एखादा जोरात घेतलेला श्वास, अडखळलेला शब्द, मागे वाजलेलं दार: एकाच मुद्रणाच्या प्रतींत या खुणा त्याच जागी येतात. पुन्हा टाकणारे बऱ्याचदा वेग वाढवतात. सव्वापट केला असेल, तर १:०० ची खूण ०:४८ ला आणि २:०० ची १:३६ ला सापडेल. सगळ्या खुणा अशा एकाच प्रमाणात सरकल्या, तर मुद्रण तेच.

सर्वांत जुनी तारीख हा मात्र ती प्रत गायिकेचीच असल्याचा पुरावा नाही. गायिकेने आपला पहिला व्हिडिओ हटवून नंतर पुन्हा टाकलेला असू शकतो. माझा भर चॅनेलवर असतो: तिथे त्याच आवाजातली, त्याच खोलीच्या घुमाऱ्याची आणखी गाणी आहेत का? दहा वेगवेगळे आवाज दिसले, तर तो नुसता गोळा करणारा. खात्री झाली तरी नाव जाहीर करण्याआधी तिला खासगीत विचारा. शीर्षक तिनेच मुद्दाम बदललेलं असू शकतं.